वटपौर्णिमा शोधणाऱ्या चौघीजणी

जून उजाडला की महाराष्ट्रातल्या असंख्य फोनवर एकच प्रश्न विचारला जातो, पण विचारणारीची अक्षरं दर वेळी वेगळी असतात. साताऱ्यातल्या सासूबाई देवनागरी कीबोर्डवर सावकाश ‘वटपौर्णिमा पूजा’ असं लिहितात. पुण्यात नोकरी करणारी त्यांची सून ऑफिसला जाता जाता `vat purnima puja in marathi` टाकते. तिची बहीण घाईत असते, ती `vatpornima katha` असं लिहून मोकळी होते. चौथी टाइपच करत नाही, माइकचं चिन्ह दाबून बोलते. तिच्या फोनमध्ये आवाजाची भाषा मराठी असेल तर बोललेलं देवनागरीत उमटतं, इंग्रजी असेल तर रोमन अक्षरांत. चौघींना हवं आहे तेच: पूजेला काय काय लागतं, वडाच्या फांदीला घरी पुजलं तर चालतं का, कथा कुठे वाचायला मिळेल.

आता यूट्यूबवर हीच माहिती देणाऱ्या एखाद्या ताईंच्या बाजूने पाहू. त्यांनी नीट व्हिडिओ केला, साहित्य मांडून दाखवलं, कथा सांगितली. मग शीर्षकाच्या जागी काय लिहावं, या प्रश्नाशी त्या अडतात. फक्त ‘वटपौर्णिमा’ लिहिलं तर रोमनमध्ये शोधणाऱ्या सुटतील का? फक्त `Vat Purnima` लिहिलं तर सासूबाईंना तो व्हिडिओ आपल्यासाठी आहे असं वाटेल का? या दोन भीतींपोटी बहुतेक जण शेवटी सगळंच लिहून टाकतात, आणि शीर्षक असं दिसायला लागतं:

```
वटपौर्णिमा | वट पौर्णिमा | Vat Purnima | Vat Pournima | Vat Savitri
```

यात सणाचं नाव पाच वेळा आलं, पण व्हिडिओत काय आहे ते एकदाही आलं नाही. पूजा आहे, रांगोळी आहे, उखाणे आहेत की शुभेच्छांचे फोटो? फोनवर हे वाचणारी बाई क्षणभर थांबते आणि खालच्या, स्पष्ट नाव असलेल्या व्हिडिओवर जाते. सर्च इंजिनने व्हिडिओ समोर आणून ठेवला, तरी उघडायचा की नाही ते माणूसच ठरवतो, ही गोष्ट कीवर्डच्या गडबडीत फार लवकर विसरली जाते.

आधी जागा किती आहे ते पाहू. यूट्यूबच्या शीर्षकाला १०० कॅरेक्टरची मर्यादा आहे. हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो, पण देवनागरीत तो पटकन संपतो, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला अदृश्य हलन्त या सगळ्यांना वेगवेगळं मोजतो. ‘वटपौर्णिमा’ या शब्दात आपल्या डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. संगणकाच्या हिशोबी ती दहा होतात: व, ट, प, औची मात्रा, र, हलन्त, ण, ऱ्हस्व वेलांटी, म, काना. शिवाय फोनच्या पडद्यावर लांब शीर्षक पूर्ण दिसतच नाही, शेवट तुटतो. म्हणून महत्त्वाचं ते आधी, आणि १०० च्या बरंच आत थांबलेलं बरं.

आमच्या या ताईंसाठी मी असं शीर्षक सुचवेन:

```
वटपौर्णिमा पूजा घरी कशी करावी? साहित्य आणि कथा | Vat Purnima Puja Marathi
```

ही ७३ कॅरेक्टर झाली. पहिल्या भागात सण, मग नेमकं काय मिळेल ते, आणि उभ्या रेघेनंतर रोमनमधलं एकच रूप. प्रत्येक लिपीत एक रूप, यापेक्षा जास्त शीर्षकात घालायचं नाही. बाकीच्या रूपांसाठी दुसऱ्या जागा आहेत, त्यांच्याकडे येऊच.

या छोट्या शीर्षकात दोन निर्णय दडलेले आहेत. पहिला म्हणजे शेवटचा `Marathi` हा शब्द. देवनागरीत लिहिताना तो अनावश्यक असतो, कारण ‘पौर्णिमा’ आणि ‘कशी करावी’ या शब्दांतूनच भाषा कळते. रोमनमध्ये मात्र भाषेची ओळख पुसली जाते. ‘होळी’ आणि ‘होली’ दोन्ही `holi` होतात. ‘दसरा’ `Dasara` असा लिहिला तर तो मैसूरचाही असतो. ‘ळ’ला रोमनमध्ये स्वतःचं अक्षर नाही, म्हणून पोळा `pola` होतो. म्हणूनच रोमनमध्ये शोधणारी मंडळी स्वतःहूनच `in marathi` असं पुढे जोडतात, आणि शीर्षकात तो शब्द असणं त्यांच्या उपयोगाचं ठरतं.

दुसरा निर्णय जास्त मराठी आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा चुकतो. ताईंना सहज सुचलेलं शीर्षक होतं ‘वटपौर्णिमेच्या पूजेचं साहित्य’. वाक्य अगदी शुद्ध आहे, पण त्यात ‘वटपौर्णिमा’ हा शब्द कुठेच नाही. विभक्तीचा प्रत्यय लागला की मराठी नाम आतून बदलतं: वटपौर्णिमेला, गुढीपाडव्याच्या, दसऱ्याला, पोळ्यासाठी. हिंदीत ‘दिवाली की मिठाई’ लिहिलं तरी ‘दिवाली’ जशीच्या तशी उभी असते, त्यामुळे हिंदीवाल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, आणि हिंदी किंवा इंग्रजी चॅनलांचे सल्ले ऐकून शीर्षक लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या तो लक्षात येत नाही. लोक शोधताना मात्र बहुधा मूळ नाव टाकतात, ‘गुढीपाडवा रांगोळी’, ‘वटपौर्णिमा कथा’. मोठ्या सर्च इंजिनांना मराठी प्रत्यय काही प्रमाणात कळतात, पण त्या भरवशावर राहू नये. छोट्या ठिकाणी तर भरवसा मुळीच नको: एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरचा शोध, मंडळाच्या फोटोंचा संग्रह, व्हॉट्सअॅपवर जुना मेसेज शोधणं. अशा जागी अक्षराला अक्षर जुळावं लागतं. म्हणून शीर्षकात सणाचं नाव एकदा तरी प्रत्यय न लावता यावं. ‘वटपौर्णिमा पूजा’, ‘गुढीपाडवा शुभेच्छा’ ही रचना बोलताना थोडी तुटक वाटते हे खरं, पण शीर्षकाला ती शोभते.

मग रोमनमधलं ते एक रूप कोणतं? ‘पौ’ या एका अक्षराने इथे तीन वाटा फोडल्या आहेत. मराठी उच्चाराच्या जवळचं म्हणून कोणी `Pournima` लिहितो, संस्कृत पाठ्यपुस्तकाच्या वळणाने कोणी `Paurnima`, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांतून व हिंदीतून आलेलं `Purnima`. शिवाय `Vat` सुटा लिहायचा की जोडून, हा वेगळाच घोळ. यातलं शुद्ध कोणतं, यावर वाद घालून काही हाती लागत नाही. लोक कोणतं टाइप करतात ते बघावं, आणि ते बघण्याची सोय फुकट आहे.

गूगल ट्रेंड्स उघडून प्रदेश महाराष्ट्र निवडा, काळ पाच वर्षांचा ठेवा, आणि व्हिडिओसाठी बघत असाल तर ‘वेब सर्च’च्या जागी यूट्यूब सर्च निवडा. मग `vat purnima`, `vat pournima`, `वटपौर्णिमा`, `वट पौर्णिमा` आणि `vat savitri` ही पाच रूपं शेजारी शेजारी टाका. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ट्रेंड्समध्ये तुम्ही शब्द टाकता तेव्हा खालच्या यादीत ‘सर्च टर्म’ आणि ‘विषय’ असे दोन पर्याय दिसू शकतात. विषय निवडला तर गूगल सगळ्या भाषांतली रूपं एकत्र करून दाखवतं, म्हणजे आपल्याला जी तुलना करायची आहे तीच पुसली जाते. सर्च टर्म निवडली तर फक्त त्याच अक्षरांचा शोध मोजला जातो. चुकीचं स्पेलिंग, दुसरं स्पेलिंग त्यात धरलं जात नाही. आपल्याला हवी आहे ती सर्च टर्म. आलेखावरचे ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसते, ते एकमेकांच्या तुलनेतले असतात. त्यामुळे ‘किती लोक शोधतात’ हे त्यातून कळणार नाही, ‘या दोघांपैकी जास्त काय शोधलं जातं’ एवढंच कळेल. शीर्षकासाठी तेवढं पुरतं. जे रोमन रूप वर्षानुवर्षं वर दिसतं ते शीर्षकात घ्यायचं, दुसरं खाली ठेवायचं.

आता त्या पाचव्या शब्दाकडे, `vat savitri`कडे येऊ, कारण खरा सापळा तिथे आहे. ट्रेंड्सवर देशभरचा आलेख उघडला की या शब्दाचा शोध पाहून कोणालाही मोह होईल की हाही शीर्षकात घालावा. सावित्रीचीच कथा, वडाचीच पूजा, मग नाव वेगळं असलं तर काय बिघडलं? बिघडतं ते तिथीत. महाराष्ट्रात आणि गुजरातेत हे व्रत ज्येष्ठ पौर्णिमेला असतं. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान अशा बऱ्याच भागांत वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला करतात. २०२५ मध्ये ती अमावास्या २६ मेला होती आणि आपली वटपौर्णिमा १० जूनला, म्हणजे पंधरा दिवसांचं अंतर. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे अमावास्येचं व्रत १६ मेला आणि वटपौर्णिमा २९ जूनला, म्हणजे जवळजवळ दीड महिन्याचं अंतर पडलं. अशा वर्षी `Vat Savitri 2026` हे शब्द मराठी शीर्षकात घातले तर मे महिन्यात लखनौ-पाटण्याकडचे लोक येतील, मराठी ऐकून दहा सेकंदांत निघून जातील. आणि तारखेचा व्हिडिओ असेल तर त्याहून वाईट: वाचणाऱ्याला सरळ चुकीचा दिवस कळेल.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला सांगेन. एकाच नावाची वेगवेगळी अक्षरं म्हणजे रूपं. एकाच सणाची वेगळी नावं ही दुसरी गोष्ट, आणि नावं घेण्याआधी तिथी आणि प्रथा तपासायला हवी. ‘भाऊबीज’च्या बरोबर `Bhai Dooj` लिहायला काहीच हरकत नाही, कारण दिवस तोच, ओवाळणंही तेच. ‘श्रावणी सोमवार’च्या शेजारी `Sawan Somwar` लिहिताना मात्र थांबायला हवं, कारण उत्तरेकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो; त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. गोव्यात गणेश चतुर्थीला ‘चवथ’ म्हणतात आणि देवासमोर माटोळी बांधतात. माटोळीबद्दलच लिहीत असाल तर ‘चवथ’ हा शब्द शीर्षकात हवाच, मुंबईच्या मंडळाच्या मिरवणुकीला तो लावण्यात अर्थ नाही.

शीर्षकात न मावलेली रूपं कुठे जातात? पहिली जागा वर्णनाची. यूट्यूबचं वर्णन ५००० कॅरेक्टरपर्यंत लांबू शकतं, पण उघडण्याआधी दिसतात त्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळी. तिथे शब्दांचा ढीग नको, वाक्य हवं. एक वाक्य देवनागरीत, एक रोमन मराठीत, असं मी लिहीन:

```
वट पौर्णिमा सणाची पूजा घरी फांदी आणून कशी करावी, ते या व्हिडिओत पाहा.
Vat Pournima puja sahitya, vidhi ani katha Marathi madhe.
```

इथे सुटं लिहिलेलं ‘वट पौर्णिमा’ आणि `Pournima` ही दोन्ही उरलेली रूपं सहज येऊन गेली, आणि वाचणाऱ्याला खटकलंही नाही. वर्णनाच्या तळाशी स्वल्पविरामांनी जोडलेले पन्नास शब्द टाकण्याची सवय अनेकांना असते. यूट्यूबच्या नियमांत वर्णनात असे टॅग कोंबणं बसत नाही, आणि त्यासाठी व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. दुसऱ्याच्या चॅनलवर ते दिसतं म्हणून आपणही करावं, हे काही मला पटत नाही.

दुसरी जागा टॅगची, जिथे एकूण ५०० कॅरेक्टर मावतात. टॅगबद्दल लोकांच्या कल्पना भलत्याच मोठ्या असतात. यूट्यूब स्वतः सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा आहे आणि त्यांचा मुख्य उपयोग लोक जे शब्द वारंवार चुकीचे लिहितात त्यांच्यासाठी आहे. आपल्या कामाचं तेवढंच. ‘वटपोर्णिमा’, ‘वट पोर्णिमा’, `vatpornima`, `vat pornima`, `vatpurnima` ही अशुद्ध किंवा जोडलेली रूपं टॅगमध्ये टाकून विसरून जावं. शीर्षकात अशुद्ध शब्द मुद्दाम लिहायची गरज नाही. वाचणाऱ्याच्या मनात त्याने माहितीबद्दलच शंका येते. पौर्णिमाच नीट लिहिता येत नाही, तर पूजा काय नीट सांगणार, असं एखादी आजी म्हणालीच तर तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या बाबतीत एक जुना गैरसमज अजून टिकून आहे. पानाच्या सेटिंगमध्ये ‘मेटा कीवर्ड्स’ नावाची जागा असते, तिथे सगळी स्पेलिंगं भरली की काम झालं, असं अनेकांना सांगितलं जातं. गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं की क्रम लावताना ते ही जागा बघतच नाहीत. तो वेळ पानाच्या शीर्षकावर आणि पहिल्या परिच्छेदावर घालवावा, तिथे वरचेच नियम चालतात. मात्र पानाचा पत्ता रोमनमध्येच ठेवावा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये सुरेख दिसतो, पण कॉपी करून पाठवला की बहुतेक वेळा प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. एकटा ‘वट’ असा दिसतो:

```
%E0%A4%B5%E0%A4%9F
```

संपूर्ण ‘वटपौर्णिमा’ची नव्वद अक्षरं होतील. नातेवाइकांच्या ग्रुपवर असा पत्ता आला की तो काहीतरी फसवणुकीचा प्रकार असेल असं समजून कोणी दाबत नाही.

एवढं करून झालं की सण जाऊ द्यावा आणि आठवड्याने मोजणी करावी. यूट्यूब स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या अॅनालिटिक्समध्ये, प्रेक्षक कुठून आले या भागात ‘यूट्यूब सर्च’वर दाबलं की लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द दिसतात, आणि त्या प्रत्येक शब्दावरून आलेल्यांनी सरासरी किती वेळ पाहिलं तेही. `vat savitri` वरून आलेले पटकन पळाले आणि `vat purnima marathi` वरून आलेले कथा संपेपर्यंत थांबले, तर नाव आणि रूप यांतला फरक तुमच्याच आकड्यांत दिसेल. एखादं रूप तुम्ही कुठेच लिहिलं नव्हतं तरी त्यावरून लोक आले असतील, तर ते यंत्राने स्वतः जोडून घेतलं असं समजावं. त्यासाठी पुढच्या वर्षी जागा खर्च करू नये. दिवाळीच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं, म्हणून `Diwali`ची दहा स्पेलिंगं जमवत बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. खरी गरज असते ती बेंदूर, चंपाषष्ठी, वसुबारस अशा सणांना, ज्यांची रोमन रूपं अजून स्थिरावलेली नाहीत.

संकेतस्थळ असेल तर सर्च कन्सोलमध्ये ‘क्वेरी’च्या फिल्टरला हा एक नमुना द्यावा, म्हणजे सगळी रोमन रूपं एकदम वेगळी निघतात:

```
vat\s?(pur|pour|paur|por)nima
```

आणि हाच नमुना पुढच्या ज्येष्ठातही वापरता यावा म्हणून पान दर वर्षी नवं करू नये. पत्ता `vat-purnima-puja` एवढाच ठेवावा, त्यात साल घालू नये. पूजेची पद्धत बदलत नाही. तारीख बदलते, ती पानाच्या पहिल्या ओळीत दर वर्षी नवी लिहावी. तारखेचं साल लिहिताना मजकुरात २०२६ असलं तरी शीर्षकात `2026` असं लिहिलेलं बरं, कारण देवनागरीत सण शोधणाऱ्या सासूबाईसुद्धा आकडे बहुधा तसेच टाकतात.